नोटीस पिरिअड कमी करून मागायचा कसा: आधी योजना, मग तारीख, शेवटी पैसे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी वीस वर्षं प्रॉडक्शन सांभाळलं. या काळात कितीतरी मुलं माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पुण्याला लागलंय, नोटीस जरा कमी करा की." त्यातल्या बऱ्याच जणांना मला नाही म्हणावं लागलं. मुलं चांगली होती, कामही चोख होतं. पण मागणी चुकीच्या क्रमाने यायची. पुण्याच्या कंपनीला तारीख आधीच कबूल झालेली असायची, राजीनामा सिस्टीममध्ये पडलेला असायचा, आणि माझ्याकडे यायची ती फक्त अडचण. तुमच्या मागे काम कोण बघणार, हे कोणीच सांगायचं नाही.

खाली दिलेला क्रम बेळगावात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकरणासाठी आहे: इथल्या कारखान्यातली पगारी नोकरी, ९० दिवसांची नोटीस, आणि पुण्यातली नवी कंपनी जी दीड महिन्यापेक्षा जास्त थांबायला तयार नाही. उदाहरण म्हणून माझ्या ओळखीच्या, टिळकवाडीतल्या एका क्वालिटी इंजिनिअरचं प्रकरण शेवटपर्यंत घेतो. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी मशीन करणारी कंपनी, पगार महिना ४२,००० रुपये, त्यात मूळ पगार २१,०००. शिल्लक अर्जित रजा १८ दिवस. नव्या कंपनीला तो २० जुलैला, सोमवारी, हजर हवा होता.

## टप्पा १: नेमणूक पत्र काढा आणि एकच कलम तीनदा वाचा

नोटीस किती दिवसांची हे बहुतेकांना तोंडपाठ असतं. पण त्या कलमाचा पुढचा अर्धा भाग कोणी वाचत नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून असतं. तिथे साधारण तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असते.

पहिला प्रकार: "तीन महिन्यांची नोटीस किंवा त्याऐवजी तेवढा पगार." इथे पैसे भरून लवकर जाण्याचा पर्याय करारातच आहे. तुमची बाजू भक्कम.

दुसरा प्रकार: "तीन महिन्यांची नोटीस, त्याऐवजी पगार स्वीकारायचा की नाही हे कंपनी ठरवेल." इथे पैसे तुम्ही देऊ शकता, पण घ्यायचे की नाही हा निर्णय त्यांचा. मोठ्या कंपन्यांच्या पत्रांत हाच प्रकार जास्त दिसतो.

तिसरा प्रकार: फक्त दिवस लिहिलेले असतात, पैशाचा उल्लेख नाही. मग कंपनीचं एचआर धोरण मागून घ्या. बऱ्याचदा पत्रात नसलेली गोष्ट तिथे असते.

त्यानंतर हे बघा की भरपाई "मूळ पगारावर" आहे की "एकूण पगारावर". आपल्या उदाहरणात एका दिवसाचा मूळ पगार ७०० रुपये, एकूण पगार १,४०० रुपये. कलमातल्या या एका शब्दाने रक्कम दुप्पट होते किंवा निम्मी.

ट्रेनिंग बाँड असेल तर तो वेगळा धरा. नोटीस माफ झाली म्हणजे बाँड माफ झाला असं होत नाही. त्याचा वेगळा उल्लेख करून वेगळं उत्तर घ्यावं लागतं.

तपासा: तुमची पाच वर्षं कधी पूर्ण होतात? कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार २६ ने भागून त्याच्या १५ पट, गुणिले वर्षं. २१,००० मूळ पगाराला पाच वर्षांचे सुमारे ६०,५७७ रुपये होतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की हक्क मिळतो असं काही न्यायालयांनी मानलं आहे, पण प्रत्येक कंपनी ते आपणहून मानत नाही. माझ्या समोर एका मुलाने पंचवीस दिवस लवकर सुटण्यासाठी जिवाचं रान केलं, आणि ज्या दिवशी सुटला त्या दिवशी त्याच्या पाच वर्षांना तीन आठवडे कमी होते. मी विचारेपर्यंत त्याला ते माहीतच नव्हतं. नोटीस पूर्ण केली असती तर काही वादच उरला नसता. आपल्या उदाहरणातल्या इंजिनिअरची पाच वर्षं मे महिन्यातच भरली होती, म्हणून तो प्रश्न आला नाही.

## टप्पा २: नव्या कंपनीला तारीख नव्हे, मुदत द्या

पुण्याहून फोन येतो, "कधी जॉइन होणार?" आणि आनंदाच्या भरात माणूस म्हणतो, "वीस जुलै." इथेच पहिली गाठ बसते. आता इथल्या साहेबांनी पंचवीस म्हटलं तर तुमच्याकडे सरकायला जागाच राहत नाही.

त्याऐवजी नव्या एचआरला असं सांगा: "माझी नोटीस ९० दिवसांची आहे. २० जुलैसाठी मी प्रयत्न करतोय. राजीनामा दिल्यापासून दहा दिवसांत पक्की तारीख कळवतो. गरज पडली तर आठवडाभर पुढे चालेल का, ते मेलवर सांगा." ज्यांना माणूस खरोखर हवा असतो ते आठवडा देतात. आमच्या इंजिनिअरला २७ जुलैपर्यंतची मुभा लेखी मिळाली. पुढे तीच कामाला आली.

याच वेळी विचारून घ्या की नोटीसची भरपाई नवी कंपनी परत देईल का. देणार असतील तर तीन गोष्टी लेखी घ्या: जास्तीत जास्त किती, कोणता कागद दाखवल्यावर, आणि किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत घेणार. ही रक्कम बहुधा पगारात धरली जाते आणि तिच्यावर कर कापला जातो. त्यामुळे "पूर्ण भरून देतो" म्हणाले तरी हातात थोडे कमी पडतात.

सावध: सही असलेलं, पगार आणि हुद्दा लिहिलेलं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नका. "लेटर दोन दिवसांत येतंय" या शब्दावर राजीनामा देऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

## टप्पा ३: पैशाचा हिशेब कागदावर मांडा

राजीनामा १ जूनला, सोमवारी, दिला आणि तो दिवस धरून मोजलं तर ९० वा दिवस २९ ऑगस्टला येतो. मागायची शेवटची तारीख १८ जुलै, शनिवार. म्हणजे जूनचे ३० आणि जुलैचे १८ मिळून ४८ दिवस काम होणार, आणि उरणार ४२.

आता १८ दिवसांची रजा. नोटीसमध्ये रजा वळती करून घ्या असं सगळेच म्हणतात, पण ती फुकट असते असं समजू नका. रजा वळती झाली की तिचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा दोन्ही बाजू मांडून बघा.

रजेचे पैसे मूळ पगारावर मिळत असतील आणि नोटीसची भरपाईही मूळ पगारावर असेल, तर हिशेब सारखाच बसतो. ४२ दिवसांचे २९,४०० भरा आणि रजेचे १२,६०० घ्या, किंवा रजा वळती करून २४ दिवसांचे १६,८०० भरा. खिशातून जाणारे तेवढेच.

पण भरपाई एकूण पगारावर आणि रजेचे पैसे मूळ पगारावर असतील, तर चित्र पालटतं. रजेचा एक दिवस रोखीत ७०० चा, पण नोटीसमध्ये वळवला की १,४०० वाचवतो. अशा वेळी रजा वळती करून घेण्यासाठी आग्रह धरा. १८ दिवसांत १२,६०० रुपयांचा फरक पडतो.

भागाकार ३० ने होणार की २६ ने, हेही एचआरला विचारा. ९० दिवस दिनदर्शिकेचे मोजायचे आणि पगार २६ ने भागायचा, असं झालं तर रक्कम विनाकारण फुगते. दोन्हीकडे एकच पद्धत हवी.

आणखी एक. काही ठिकाणी भरपाईवर वर १८ टक्के जीएसटी लावलेला अजून दिसतो. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात, क्रमांक 178/10/2022, स्पष्ट केलं आहे की नोटीस पगाराच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही. हिशेबात तो दिसला तर क्रमांक देऊन नम्रपणे काढायला सांगा.

## टप्पा ४: हस्तांतराची योजना बनवा, आणि ती मॅनेजरच्या डोळ्यांनी बनवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मॅनेजर नोटीस अडवून धरतो तेव्हा त्याला तुमच्या पुण्याच्या पगाराचा हेवा वाटत नसतो. रात्री झोपताना त्याच्या डोक्यात एकच असतं: हा गेल्यावर काय अडकेल? तुमच्या योजनेत या प्रश्नाचं उत्तर नावागावासकट असलं पाहिजे.

आधी एक साधी वही घ्या आणि आठवडाभर, रोज संध्याकाळी, त्या दिवशी तुम्ही केलेलं प्रत्येक काम लिहा. हुद्द्यावर लिहिलेलं काम लिहू नका, खरोखर केलेलं लिहा. मग त्यापुढे तीन खुणांपैकी एक करा: "कागदावर आहे", "दुसऱ्याला येतं", "फक्त माझ्या डोक्यात आहे". पहिल्या दोन प्रकारांची काळजी नाही. योजना तिसऱ्या प्रकाराची बनवायची.

आमच्या इंजिनिअरच्या वहीत तिसऱ्या खुणेचं एक काम असं निघालं. २५ मिलिमीटरच्या स्पूल बोअरची मोजणी एअर गेजवर होते. मशिनवरून नुकतीच उतरलेली बॉडी गरम असते आणि सेटिंगची मास्टर रिंग खोलीच्या तापमानाला. दोघांत दहा अंशांचा फरक असला तरी बोअर सुमारे ३ मायक्रॉन मोठा दिसतो, आणि जिथे सगळी सूट मोजक्या मायक्रॉनची असते तिथे चांगला माल बाद होतो किंवा बाद माल पास होतो. म्हणून तो बॉडी तासभर रिंगच्या शेजारी ठेवून मगच मोजायचा. ही गोष्ट कंट्रोल प्लॅनमध्ये कुठेही नव्हती. पाच वर्षांत कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. तो निघून गेला असता तर पंधरा दिवसांत ग्राहकाची तक्रार आली असती आणि कारण कोणालाच सापडलं नसतं. त्याने ते एका पानात लिहिलं, गेजशेजारी लावलं, आणि योजनेत पहिल्या क्रमांकावर टाकलं. साहेबांनी ती योजना गांभीर्याने घेतली ती या एका ओळीमुळे, असं मला त्यांच्याच तोंडून कळलं.

योजनेला तीन भाग पुरतात.

पहिल्या दोन आठवड्यांत लिहून काढणं: कॅलिब्रेशनला कोणती गेज कधी जाणार, कोणत्या ग्राहकाची तक्रार कुठल्या पायरीवर आहे, सीएमएमचे प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये, फाउंड्रीत कास्टिंगबद्दल कोणाशी बोलायचं.

पुढच्या तीन आठवड्यांत दुसऱ्याने करायचं आणि तुम्ही शेजारी उभं राहायचं. बहुतेक जण उलट करतात: स्वतः करून दाखवतात, दुसरा मान हलवतो. मान हलवणं म्हणजे शिकणं नव्हे.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही कामाला हातच लावायचा नाही, फक्त हाक मारली तर जायचं. या आठवड्यात जे अडतं तेच खरं राहिलेलं काम. मॅनेजरलाही दिसतं की गाडी तुमच्याविना चालते.

तपासा: ज्याच्या हाती काम देताय तो त्या दिवसांत हजर असणार का? आमच्या इंजिनिअरने ज्या ज्युनिअरचं नाव टाकलं होतं तो खानापूर तालुक्यातला. जुलैच्या सुरुवातीला तिकडे रोप लावणी असते आणि त्या पोराची चार-पाच दिवसांची सुट्टी दरवर्षी ठरलेली. हे मॅनेजरला माहीत होतं. योजनेत तो आठवडा तसाच धरला असता तर पहिल्याच मिनिटाला बोट तिथे ठेवलं गेलं असतं. त्याने शेजारी उभं राहायचे आठवडे जूनमध्ये ओढले आणि लावणीच्या दिवसांत लिखाण ठेवलं. तुमच्याकडेही कोणाच्या घरी लग्न, कोणाची जत्रा, कोणाची परीक्षा असेल. आधी त्या माणसाशी बोला. आणि तुम्ही का विचारताय हे मॅनेजरला कळण्याआधी शॉपभर होणार नाही इतपत सांभाळून बोला.

## टप्पा ५: कारण एकच द्या, खरं द्या

कारणांची यादी दिली की प्रत्येक कारण हलकं होतं. "जॉइनिंगची तारीख आहे, आईची तब्येत बरी नसते, मुलाची शाळा आहे, शिवाय इथे वाढ झाली नाही." ऐकणाऱ्याला यातलं शेवटचंच ऐकू येतं.

चालणारं कारण तारखेला बांधलेलं असतं आणि दाखवता येतं: नव्या कंपनीची लेखी मुदत, घरातल्या माणसाच्या शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख, अभ्यासक्रम सुरू होण्याचा दिवस. पगार जास्त आहे हे लपवायची गरज नाही, पण नोटीस कमी करण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

खोटं आजारपण तर अजिबात सांगू नका. बेळगाव लहान आहे. तुमच्या साहेबांचा मेहुणा मच्छेच्या कंपनीत असतो, तुमची चुलती त्यांच्या गल्लीत राहते. आठ दिवसांत खरं कळतं, आणि मग योजनेवरचाही विश्वास जातो.

## टप्पा ६: आधी समोर बसून बोला, त्याच दिवशी लेखी द्या

पोर्टलवर राजीनामा टाकला की सिस्टीम स्वतःच ९० दिवसांची तारीख धरते आणि मेल वरपर्यंत जातो. मग मॅनेजरला ती तारीख बदलायची तर वरिष्ठांना कारण द्यावं लागतं. म्हणून आधी बोला. पण बोलून आठ दिवस थांबूही नका. नोटीस लेखी राजीनाम्यापासून मोजली जाते, बोललो त्या दिवसापासून नाही. दुपारी बोलणं, संध्याकाळी मेल, हे बरोबर.

वेळ निवडा. महिनाअखेरीच्या डिस्पॅचचा दिवस नको, सकाळची प्रॉडक्शन मीटिंग नको. दुपारी चारच्या सुमारास, दार लावून, वीस मिनिटं मागून घ्या. साहेब धारवाडकडचे, कानडी बोलणारे असतील आणि रोज तुम्ही कानडी-हिंदी मिसळून बोलत असाल, तर त्या दिवशीही तसंच बोला. नेहमीची भाषा सोडून अचानक इंग्रजीत शिरलात की नातं एकदम कागदी होतं.

बोलण्याचा क्रम असा: निर्णय, योजना, तारीख. पैसे इथे नकोत.

आमचा इंजिनिअर साधारण असं बोलला: "सर, मी पुण्याला एक नोकरी स्वीकारली आहे. निर्णय पक्का आहे, आणि तो सगळ्यात आधी तुम्हाला सांगतोय. माझ्याकडे जी कामं फक्त मलाच माहीत आहेत ती मी या पानावर लिहिलीत. कोणतं काम कोणाकडे आणि कधी जाईल हेही आहे. या हिशेबाने १८ जुलैपर्यंत सगळं सोपवून होतं. तुम्ही हे एकदा बघा आणि यात काय राहिलंय ते सांगा."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. "सोडाल का?" विचारलं की उत्तर हो किंवा नाही येतं. "काय राहिलंय?" विचारलं की समोरचा पानात डोकं घालतो.

सावध: "मी काहीही करून अठराला जाणारच" हे वाक्य मनात असलं तरी तोंडावर आणू नका. माणसाला इच्छेविरुद्ध कामावर बसवून ठेवता येत नाही हे खरं, पण कंपनी कराराप्रमाणे पैसे वसूल करू शकते आणि रिलिव्हिंग लेटर अडकतं. पुण्याच्या कंपन्या मागची चौकशी करतात तेव्हा तोच कागद मागतात.

## टप्पा ७: पैशाची तयारी दुसऱ्या फेरीत सांगा

पहिल्याच बैठकीत "मी पैसे भरतो की" म्हणणारा माणूस समोरच्याला सांगत असतो की तुमच्या कामाची अडचण मी विकत घेतोय. मॅनेजरला त्या पैशातून काही मिळत नाही, ते कंपनीच्या खात्यात जातात. त्याची अडचण योजनेने सुटते. पैशाने सुटते ती एचआरची, कारण त्यांना फाईलवर करार पाळल्याचं दाखवायचं असतं. म्हणून योजनेवर मॅनेजरची मान हलली की मग म्हणा: "उरलेल्या दिवसांसाठी रजा वळती करून बाकीची भरपाई कराराप्रमाणे द्यायला मी तयार आहे."

संध्याकाळचा मेल छोटा ठेवा. तो बहुधा इंग्रजीत जाईल, पण आशय असा असावा:

"आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार मी १ जूनपासून राजीनामा देत आहे. करारानुसार माझी नोटीस २९ ऑगस्टला संपते. नव्या ठिकाणी मला जुलैमध्ये रुजू व्हायचं असल्याने माझा शेवटचा कामाचा दिवस १८ जुलै धरावा अशी विनंती आहे. कामांच्या हस्तांतराची योजना सोबत जोडली आहे. उरलेल्या ४२ दिवसांपैकी १८ दिवसांची अर्जित रजा वळती करावी आणि बाकी २४ दिवसांची भरपाई नेमणूक पत्रातील कलमाप्रमाणे माझ्या अंतिम हिशेबातून घ्यावी. आपला निर्णय १० जूनपर्यंत कळवावा, म्हणजे पुढची आखणी करता येईल."

मेल मॅनेजरला, प्रत एचआरला. मालकांना किंवा बेंगळुरूच्या मोठ्या साहेबांना प्रत टाकू नका. मॅनेजरला वगळून वर गेलात असंच दिसतं.

## टप्पा ८: "नाही" आलं तर त्यामागची तारीख शोधा

कोरा नकार क्वचितच येतो. बहुतेक वेळा नकारामागे एक ठरलेला दिवस असतो. आमच्या इंजिनिअरला उत्तर आलं, "अठराला शक्य नाही." त्याने वाद न घालता विचारलं, "सर, अठरानंतर कोणतं काम आहे?" निघालं ते ग्राहकाचं ऑडिट, २१ जुलै, मंगळवार. मग त्याने ऑडिटला हजर राहून त्यातल्या त्रुटींची उत्तरं तयार करून २५ तारखेला, शनिवारी, निघायची तयारी दाखवली. नव्या कंपनीची २७ जुलैपर्यंतची लेखी मुभा खिशात होतीच.

हिशेब पुन्हा झाला: काम ५५ दिवस, उरले ३५, त्यातले १८ रजेचे, बाकी १७ दिवस. त्याच्या पत्रात "मूळ पगार" लिहिलेलं होतं, म्हणून ११,९०० रुपये.

अशी तारीख सापडत नसेल तर आणखी एकच गोष्ट पुढे करा: गेल्यावर दोन आठवडे रोज संध्याकाळी सात ते साडेसात फोनवर उपलब्ध राहीन. वेळ आणि मुदत दोन्ही ठरवा. "कधीही फोन करा सर" म्हणू नका. नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात ते निभत नाही. शिवाय नव्या कंपनीच्या वेळेत जुन्या कंपनीचं काम करणं तुमच्याच अंगाशी येईल.

आणि काहीही झालं तरी येणं बंद करू नका. न सांगता गैरहजर राहिलात की फाईलवर शेरा वेगळाच पडतो आणि मग तडजोडीला जागा उरत नाही.

## टप्पा ९: तोंडी होकार म्हणजे होकार नव्हे

साहेब "बरं, बघू, जा पंचवीसला" म्हणाले की पोरं मिठाई वाटतात. थांबा. एचआरच्या मेलवर या गोष्टी एकत्र हव्यात: शेवटचा दिवस २५ जुलै, रजेचे १८ दिवस वळते, १७ दिवसांची भरपाई मूळ पगारावर, आणि रिलिव्हिंग लेटरवर हीच तारीख. पोर्टलवर अजून २९ ऑगस्ट दिसत असेल तर ती बदलून घ्या. ते झालं की मगच पुण्याला पक्की तारीख कळवा, आणि मगच खोलीची अनामत भरा.

त्यानंतर दर शनिवारी योजनेच्या पानावर झालेल्या कामांसमोर काम घेणाऱ्याची सही घ्या आणि फोटो मॅनेजरला पाठवा. शेवटच्या आठवड्यात "हे सोपवलंच नाही" असं म्हणायला कोणाला जागा राहत नाही.

## टप्पा १०: निघताना आणि निघाल्यावर

शेवटच्या दिवशी गेज, लॅपटॉप, गेटपास, कॅन्टीनचं कार्ड परत केल्याची नो-ड्यूज पावती घ्या. अंतिम हिशेबाच्या कागदावर सही करण्याआधी तुमचा टप्पा ३ चा कागद शेजारी ठेवा: दिवस, दर, रजा, जीएसटी. भरपाईची ओळ वेगळी दाखवलेली हवी, नाहीतर नवी कंपनी परतावा देताना पुरावा मागते आणि तुमच्याकडे नुसती एकूण वजावट असते. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्यात राजीनाम्यानंतरचं वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. अनेक ठिकाणी अजून जुन्या सवयीने महिना-दीड महिना लावतात, तेव्हा मेलवर आठवण करून द्या.

राहिला पीएफ. तुमच्या यूएएन खात्यात जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख पडली आहे का, आणि ती २५ जुलैच आहे का, हे बघा. चुकून २९ ऑगस्ट पडली तर २७ जुलैला सुरू झालेल्या नव्या नोकरीशी ती एकावर एक येते आणि रक्कम हलवताना खुलासा द्यावा लागू शकतो. कंपनीने तारीख टाकलीच नाही, तर नोकरी सोडून दोन महिने झाले की ती तुम्हाला स्वतः पोर्टलवर टाकता येते. आमच्या इंजिनिअरने सप्टेंबरअखेर बघितलं तेव्हा तारीख रिकामीच होती. त्याने भोसरीच्या खोलीवर बसून, जेवण झाल्यावर, दहा मिनिटांत ती भरली.